भेटीला होकार मिळाल्यावर काय लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेरच्या माणसांना भेटीला बोलावणं हा बरीच वर्षं माझ्या कामाचा भाग आहे. लेखक, शिक्षक, चित्रकार, एखाद्या विषयाचे अभ्यासक अशी ही माणसं असतात. यातल्या बहुतेक भेटी ‘बोलून तर पाहू’ या टप्प्यावरच्या असतात. काम मंजूर झालेलं नसतं आणि पैसा ठरलेला नसतो. समोरचा ‘हो, भेटू’ म्हणतो आणि आता त्याला उत्तर लिहायचं असतं. याच एका निरोपाबद्दल नवे सहकारी मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. एका प्रकाशन विभागाला मुलांसाठी विज्ञानाची कृतिपुस्तिका काढायचा विचार आहे. त्यासाठी एका निवृत्त शिक्षिकेला भेटायचं आहे आणि त्या फोनवर ‘हो’ म्हणाल्या आहेत. पुस्तिकेला मंजुरी मिळालेली नाही. निर्णय नोव्हेंबरच्या अखेरीस होणार आहे.

होकार आल्यावर किती वेळात लिहावं?

त्याच दिवशी. फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. होकार देताना माणसाने मनात एक वेळ राखून ठेवलेली असते. तुमच्याकडून काहीच आलं नाही तर ती जागा दुसऱ्या कामाने भरते, आणि दोष त्या माणसाचा नसतो.

तपशील तयार नसतील तर थांबू नका, दोन निरोप पाठवा. पहिल्यात आभार आणि ‘जागा आणि वेळ गुरुवारपर्यंत कळवते’ एवढंच. मग गुरुवारी खरोखर कळवा. जागा ठरली नसेल, तरी ‘अजून ठरली नाही’ हे गुरुवारीच कळवा.

आभार कशाचे मानायचे? ‘अमूल्य वेळ’ लिहिलं की पुरे ना?

‘आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही. आभारात त्या माणसाची एखादी खूण हवी. आमच्या उदाहरणातल्या बाईंनी फोनवर बोलता बोलता एक प्रयोग सांगितला होता: ओल्या फडक्याचे दोन सारखे तुकडे घ्यायचे, एक पसरून ठेवायचा, दुसरा घडी करून, आणि कोणता आधी वाळतो ते मुलांनीच शोधायचं. आभारात त्या फडक्याचा उल्लेख आला की आपलं बोलणं नीट ऐकलं गेलं हे त्यांना कळतं.

आभार एकदाच माना, सुरुवातीला. तीनदा मानलेले आभार ऐकणाऱ्याला अवघडून टाकतात, आणि ‘एवढं काय काम आहे यांचं माझ्याकडे?’ असा प्रश्न मनात उभा करतात. ‘आमचं भाग्य’, ‘पर्वणी’ हे शब्द मी वापरत नाही. भेट पाऊण तासाची आहे, शब्दांचं वजन तिच्या मापाचं असावं.

तपशिलात नेमकं काय काय लिहायचं?

वार आणि तारीख दोन्ही लिहा. एकात चूक झाली तर दुसऱ्याशी जुळत नाही, आणि वाचणारा विचारतो. नुसती तारीख लिहिली आणि ती चुकली तर कोणाच्याच लक्षात येत नाही. पाठवण्याआधी कॅलेंडर उघडून वार आणि तारीख जुळते का ते बघा. या एका सवयीने माझी कितीतरी फजिती वाचली आहे.

‘पुढच्या मंगळवारी’ असं लिहू नका. रविवारी हे वाक्य वाचलं तर एकाला परवाचा मंगळवार वाटतो, दुसऱ्याला त्यानंतरचा. ‘साडेचार’च्या आधी ‘दुपारी’ लिहा. मध्यरात्रीच्या आसपासचं काही असेल, उदाहरणार्थ प्रवासाची वेळ, तर ‘रात्री १२’ म्हणजे कोणत्या तारखेची रात्र ते स्पष्ट करा.

सुरू होण्याची वेळ सगळेच लिहितात, संपण्याची फार थोडे. पण समोरच्याला दिवस आखायला दुसरीच जास्त उपयोगी पडते. ‘४.३० ते ५.१५’ असं लिहिलं की पुढे कोणाला घ्यायला जायचं असेल, औषधाची वेळ असेल, तर माणूस निश्चिंत होतो. भेट लांबेल असं वाटत असेल तर खरी वेळ लिहा. अर्ध्या तासाचं सांगून दोन तास बसवणं हासुद्धा शब्द मोडण्याचाच प्रकार आहे.

जागेबद्दल लिहिताना इमारतीच्या दारापासून खुर्चीपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. कोणतं दार, कोणता मजला, लिफ्ट आहे का, दारावर नाव लिहून द्यावं लागतं का, ओळखपत्र मागतात का, खाली कोणी थांबणार आहे का. शक्य असेल तर एकदा तो रस्ता पाहुण्यासारखा चालून बघा. मी एकदा तसं केलं तेव्हा कळलं, की ज्या दाराचा पत्ता आम्ही इतके दिवस देत होतो ते दुपारनंतर बंद असतं.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: भेटीला आणखी कोण असणार. दोघांच्या गप्पा समजून आलेल्या माणसासमोर पाच जण वह्या उघडून बसलेले असले, तर ती भेट मुलाखत होऊन जाते. कोण असतील आणि ते काय काम करतात, हे आधी सांगा. ऐन वेळी कोणी वाढलं तर तेही कळवा.

आपण काही वचन देत नसताना जास्तीचं आश्वासन कुठून शिरतं?

बहुतेक वेळा एखाद्या सर्वनामातून, प्रत्ययातून, नाहीतर क्रियापदाच्या रूपातून.

‘आपण’ हा शब्द घ्या. मराठीत तो आदराचा ‘तुम्ही’ही होतो आणि ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ही होतो. ‘आपण मंगळवारी भेटू’ यात काही बिघडत नाही, कारण भेट खरोखर दोघांची आहे. पण ‘आपण ही पुस्तिका करू’ लिहिलं की त्या बाई पुस्तिकेच्या आत आल्या. इथे ‘आम्ही’ हवं: ‘आम्ही अशा पुस्तिकेचा विचार करतो आहोत.’ ‘आम्ही’ ऐकायला जरा दूरचं वाटतं, पण कामाची जबाबदारी आज कोणाकडे आहे हे ते खरेपणाने सांगतं.

मग ‘च’. ‘पुढे बोलूच’, ‘काम होईलच’. हे एक अक्षर शक्यतेची खात्री करून टाकतं. ‘नक्की’, ‘लवकरच’, ‘पुढच्या टप्प्यात’ यांचंही तसंच. ‘पुढच्या टप्प्यात’ म्हटलं की पहिला टप्पा पार पडला, असं वाचणारा धरून चालतो.

हे मी चूक करून शिकले. एका चित्रकार बाईंना भेटीच्या आधी मी लिहिलं होतं, ‘लवकरच आपण काम सुरू करूच.’ मला फक्त आनंद व्यक्त करायचा होता. त्यांनी ते वाक्य जसं लिहिलं होतं तसं वाचलं आणि त्याच महिन्यातलं दुसरं काम सोडलं. आमच्याकडचं काम पुढे मंजूरच झालं नाही. मी माफी मागितली, त्यांनी ती दिलीही, पण त्यांचा महिना परत आला नाही. तेव्हापासून निरोप पाठवण्याआधी मी प्रत्येक भविष्यकाळी क्रियापदावर बोट ठेवते आणि विचारते: हे माझ्या हातात आहे का?

इतकं जपून लिहिलं तर निरोप कोरडा होत नाही का?

जपणूक चुकीच्या जागी केली तर होतो. आपुलकी झालेल्या गोष्टींबद्दल दाखवा: त्यांनी होकार दिला, त्यांचं काम तुम्ही पाहिलं, फोनवर त्यांनी एक छान प्रयोग सांगितला. या गोष्टी घडलेल्या आहेत, त्यांच्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं तर काही अंगाशी येत नाही. जे अजून घडलेलं नाही, त्याबद्दल फक्त आजची स्थिती सांगा.

उलट टोकही टाळायला हवं. ‘बघू’, ‘पाहूया कसं जमतं ते’ हे आपल्याकडे नकाराचे शब्द आहेत. लग्नाचं स्थळ असो की कर्जाचा अर्ज, ‘बघू’ म्हटलं की माणूस समजायचं ते समजतो. भेटीआधीच ‘पुढचं पुढे बघू’ लिहिलंत तर समोरचा उगाच हिरमुसतो. त्यापेक्षा निर्णय कोणावर आणि कधीवर अवलंबून आहे ते सांगा. ‘मंजुरी नोव्हेंबरच्या अखेरीस कळेल’ हे वाक्य ‘बघू’पेक्षा कितीतरी प्रेमळ आहे, कारण माणसाला त्यावर आपला दिवाळीनंतरचा महिना आखता येतो.

एक वचन मात्र मी नेहमी देते: जे ठरेल ते कळवेन, नकार असला तरी. ते पूर्णपणे माझ्या हातात असतं. अशी छोटी, पाळता येणारी वचनं निरोपात असली की मोठी वचनं नाहीत हे खुपत नाही. ‘मी खाली दाराशी थांबेन’ हेही त्यातलंच.

पूर्ण निरोप कसा दिसतो?

आधी एका सहकाऱ्याने लिहिलेला कच्चा मसुदा:

> आदरणीय मॅडम, आपण भेटीला होकार दिलात हे आमचं भाग्य! आपल्यासारखी व्यक्ती या प्रकल्पाला लाभणं ही पर्वणीच आहे. पुढच्या मंगळवारी साडेचारला भेटून आपण कामाची रूपरेषा ठरवू. ही दीर्घ सहकार्याची सुरुवात ठरेल याची खात्री आहे. येताना दोन-तीन नमुना कृती लिहून आणाव्यात, ही विनंती.

हेतू अगदी चांगला आहे. पण ‘प्रकल्पाला लाभणं’ म्हणजे त्या रुजू झाल्या, ‘रूपरेषा ठरवू’ म्हणजे काम पक्कं, आणि ‘दीर्घ सहकार्य’ म्हणजे एकापेक्षा जास्त पुस्तिका. पाच वाक्यांत तीन आश्वासनं, आणि इमारतीत शिरायचं कसं हे मात्र कुठेच नाही. तो आम्ही बसून असा बदलला:

> मॅडम, नमस्कार.
>
> भेटायला तयार झालात, त्याबद्दल मनापासून आभार. ओल्या फडक्याचा तो प्रयोग ऐकल्यापासून तुमच्याशी निवांत बोलायचं मनात आहे.
>
> ठरल्याप्रमाणे मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी ४.३० ते ५.१५ या वेळेत आमच्या कार्यालयात भेटू. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. मी ४.२० पासून खाली मुख्य दाराशी थांबेन. पत्ता आणि माझा नंबर खाली देत आहे. आमचे संपादकही भेटीला असतील, आणखी कोणी नाही.
>
> मुलांना घरी करता येतील असे प्रयोग निवडताना तुम्ही काय पाहता, हे आम्हाला समजून घ्यायचं आहे. पुस्तिकेचा आम्ही अजून विचारच करतो आहोत. मंजुरी मिळते की नाही हे नोव्हेंबरच्या अखेरीस कळेल, आणि तोवर कोणालाही काम देण्याबद्दल काही ठरवता येणार नाही. हे तुम्हाला आधीच माहीत असावं, म्हणून लिहिते. जे ठरेल ते मी कळवेन, नकार असला तरी.
>
> येताना काही आणायची गरज नाही. वेळ किंवा जागा गैरसोयीची असेल तर निःसंकोच सांगा.
>
> भेटीची वाट पाहते आहे.

मंजुरीबद्दलची वाक्यं निरोपाच्या मधोमध आहेत, हे बघा. शेवटी टाकली तर ती इशाऱ्यासारखी वाटतात, सुरुवातीला टाकली तर आभार झाकून टाकतात. मध्ये, भेटीच्या हेतूला लागून आली की माहितीसारखी वाचली जातात. आणि शेवटचं वाक्य पुन्हा भेटीकडे वळतं.

मानधनाबद्दल लिहावं का? विषय काढणं अवघड वाटतं.

पाऊण तासाच्या ओळखीच्या भेटीत सहसा पैशाचा विषय नसतो, तिथे मुद्दाम काढू नका. पण प्रवास लांबचा असेल तर खर्च कोण देणार हे निरोपातच असावं. देणार असाल तर तिकीट जपून ठेवायला सांगा. देता येणार नसेल तर तसं लिहा आणि फोनवर किंवा ऑनलाइन बोलण्याचा पर्याय द्या. भेट झाल्यावर हे कळणं फार वाईट.

त्यांनीच विचारलं, तर सरळ उत्तर द्या: ‘या भेटीसाठी मानधनाची तरतूद नाही. काम मंजूर झालं तर मानधन आधी ठरवूनच काम सुरू होईल.’ दुसरं वाक्य मात्र तुमच्याकडे तशी पद्धत असेल तरच लिहा.

भेटीला येताना नमुना आणायला सांगितलं तर चालेल?

आधी केलेलं काही दाखवायला सांगणं ठीक आहे. नव्याने लिहून आणायला सांगणं मला पटत नाही. माणूस चार संध्याकाळ खर्च करून तीन कृती लिहितो, तेव्हा तुम्ही काही म्हटलेलं नसलं तरी त्याच्या बाजूने कामाला सुरुवात झालेली असते. नमुना खरोखर हवा असेल तर ते वेगळं, मोबदला ठरवून दिलेलं छोटं काम समजा, आणि ते भेटीनंतर.

त्यांचं उत्तर आलं: ‘मला हे काम करायला फार आवडेल. सुरुवात कधी करायची?’ आता?

हे उत्तर येतं, आणि ते आलं की पुष्कळ जण भेटीत सांगू म्हणून गप्प बसतात. तसं करू नका. तुम्ही वाचलंत आणि काही म्हणाला नाहीत, तर त्याचा अर्थ संमती असाच घेतला जातो.

त्याच दिवशी उत्तर द्या, आणि त्यांची चूक झाली असं भासवू नका. ‘मी आधीच लिहिलं होतं की’ ही सुरुवात तर अजिबात नको. मी असं लिहिते: ‘तुमचा उत्साह वाचून खरंच छान वाटलं. सुरुवातीबद्दल आज काही सांगण्याच्या स्थितीत मी नाही, कारण मंजुरी व्हायची आहे. या दरम्यान दुसरं काम आलं तर आमच्यासाठी ते थांबवू नका. मंगळवारी तुमच्याकडून ऐकायला आम्ही उत्सुक आहोतच.’

यातलं ‘दुसरं काम थांबवू नका’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. लिहिताना हात अडखळतो, कारण चांगला माणूस हातचा जाईल अशी भीती असते. पण ते वाचल्यावर समोरच्याला आपली स्थिती नेमकी कळते, आणि निर्णय त्याच्या हातात राहतो. शेवटचा ‘च’ चालतो, कारण उत्सुकता आजची आहे.

भेट ऑनलाइन असेल तर काय बदलतं?

लिंक निरोपाच्या मजकुरातच द्या, पासवर्ड लागत असेल तर तिच्याखालीच. लिंक चालली नाही तर कोणत्या नंबरवर फोन करायचा तेही लिहा. कॅलेंडरचं आमंत्रण वेगळं पाठवणार असाल तर त्याला काय नाव दिलंय ते तपासा. ‘कृतिपुस्तिका: लेखक बैठक’ अशा नावाने तुमचा सगळा जपलेला निरोप वाया जातो. ‘भेट: प्रयोगांविषयी गप्पा’ पुरेसं आहे.

समोरचा माणूस दुसऱ्या देशात असेल तर दोन्हीकडची वेळ लिहा. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जास्त काळजी घ्या. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपीय संघात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. भारतात घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे या रविवारांनंतर नेहमीचा हिशेब तासाने चुकतो.

मदत मीच मागतोय, म्हणजे सल्ल्यासाठी कोणा ज्येष्ठांना भेटतोय. तेव्हा जास्तीचं आश्वासन कसलं?

‘तुम्ही सांगाल तसंच करेन’ आणि ‘तुमचे उपकार कधीच विसरणार नाही’ ही ती आश्वासनं. सल्ला ऐकायचा आहे, पाळायचाच असं नाही. ‘तुमचा अनुभव ऐकून मला निर्णय घ्यायला मदत होईल’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. सोबत दोन प्रश्न लिहून पाठवा, म्हणजे त्यांना विचार करून येता येतं. जागा आणि वेळ त्यांच्या सोयीची असावी.

आदल्या दिवशी आठवण करून द्यावी का? त्यांच्यावर विश्वास नाही असं वाटेल.

द्यावी, पण प्रश्न विचारून नाही. ‘उद्या नक्की येताय ना?’ यात शंका आहे. ‘उद्या दुपारी ४.३० ला भेटूया. मी ४.२० पासून खाली दाराशी असेन’ यात नाही, आणि वेळही पुन्हा डोळ्यांखालून जाते. दोन ओळी पुरतात. मंजुरीचा विषय इथे पुन्हा काढू नका.

आम्हालाच वेळ बदलावी लागली तर?

कळल्याबरोबर सांगा, आणि शक्यतो फोन करून. कारण एका वाक्यात द्या. नव्या दोन वेळा सुचवा आणि निवड त्यांच्यावर सोडा. मग नव्या वेळेचा संपूर्ण निरोप परत लिहा. ‘बाकी सगळं तेच’ असं लिहिलं की जुना निरोप शोधायला लागतो आणि त्यात जुनी तारीख असते.

इथे एक धोका आहे. वेळ बदलल्याची खंत असते, तेव्हा भरपाई म्हणून काहीतरी गोड बोलायचा मोह होतो: ‘पण काम तुमच्याशिवाय होणार नाही हं.’ दिलगिरी तारखेबद्दल आहे, तेवढीच ठेवा.

आमच्या निरोपाला उत्तरच आलं नाही. भेट पक्की धरायची का?

तोंडी होकार आलेला असेल आणि भेटीला चार-पाच दिवस असतील, तर दोन दिवस थांबा. नंतर फोन करा आणि ‘पत्ता आणि वेळ मिळाली ना, एवढंच विचारायला फोन केला’ म्हणा. बरेचदा निरोप पोहोचलेला असतो, त्यांना उत्तराची गरज वाटलेली नसते. फोनही लागला नाही तर एक छोटा संदेश ठेवा: ‘मी ठरलेल्या वेळी दाराशी थांबणार आहे. यायला जमलं नाही तर फक्त एक मेसेज करा, दुसरी वेळ काढू.’ आणि मंगळवारी ४.२० ला खाली जा.